चारही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा: सीसा परीक्षेतला ‘सर्वांत आधी काय कराल’ हा प्रश्न

सर्टिफाइड इन्फर्मेशन सिस्टिम्स ऑडिटर, म्हणजे सीसा, ही परीक्षा मी पहिल्यांदा दिली तेव्हा 431 गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला 450 लागतात. त्याआधी नऊ वर्षं मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होते. सर्व्हर, बॅकअप, युजर खाती, शाखांची नेटवर्कं हे सगळं हाताखालून गेलेलं. विषय येत नव्हता म्हणून नापास झाले असं नव्हतं. प्रश्न वाचला की चारपैकी दोन पर्याय सहज बाद व्हायचे आणि उरलेल्या दोनांत मी दर वेळी चुकीचा उचलायचे. हे कशामुळे होतं ते समजायला मला पुढचे चार महिने लागले. दुसऱ्या वेळी पास झाले. या लेखात फक्त त्या चार महिन्यांत उमगलेलं सांगते. अभ्यासक्रम शिकवायला पुस्तकं आहेत, ते काम मी करत नाही.

आधी परीक्षेचा साचा. आयसाका ही संस्था ती घेते. 150 प्रश्न, 4 तास, प्रत्येकाला चार पर्याय. गुण 200 ते 800 या मापावर मोजले जातात, त्यामुळे 450 म्हणजे अमुक टक्के असा हिशेब करत बसू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बऱ्याच प्रश्नांत एक छोटा प्रसंग असतो आणि शेवटी विचारलेलं असतं: ऑडिटरने सर्वांत आधी काय करावं? सर्वांत उत्तम शिफारस कोणती? सर्वांत जास्त काळजीची गोष्ट कोणती? हा लेख या प्रश्नांपुरता आहे.

1. जवळ काय हवं

आयसाकाच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या विषयांची यादी मोफत मिळते. ती छापून भिंतीला लावा. पाच विभागांपैकी ‘कामकाज आणि व्यवसायाची तग धरण्याची क्षमता’ आणि ‘माहितीचं संरक्षण’ या दोघांना प्रत्येकी 26 टक्के वजन आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न तिथूनच येतात. दुसरी गोष्ट आयसाकाची अधिकृत प्रश्नपेढी. तिच्यात प्रत्येक पर्याय का बरोबर आणि का चूक याचं स्पष्टीकरण असतं, आणि आपल्याला खरी गरज त्या स्पष्टीकरणाचीच आहे. तिसरी गोष्ट एक दोनशे पानी वही. तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

ओळखपत्राचं आत्ताच बघून ठेवा. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी असतं, दुसऱ्यावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, तिसऱ्यावर नुसती आद्याक्षरं. पासपोर्ट असेल तर नोंदणी त्यावरच्या नावानेच करा.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणवणाऱ्या फाइलींना हात लावू नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं-घेणं आयसाकाच्या नियमांत बसत नाही. शिवाय त्या फाइलींतली उत्तरं कुणीतरी अंदाजाने लिहिलेली असतात. मी पहिल्या वेळी अशाच एका फाइलीवरून सराव केला होता आणि चुकीची सवय पक्की करून बसले होते.

2. शेवटची ओळ आधी वाचा

प्रसंग वाचायच्या आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचा. तिथे बहुतेक वेळा एक शब्द मोठ्या अक्षरांत असतो: फर्स्ट, बेस्ट, मोस्ट, ग्रेटेस्ट, प्रायमरी. तो शब्द सापडला की प्रश्न मनातल्या मनात मराठीत करून घ्या. मला याचा खूप फायदा झाला. इंग्रजीत वाचताना नजर ‘बेस्ट’वरून घसरून जाते, पण ‘यातलं आधी काय?’ आणि ‘यातलं चांगलं काय?’ हे दोन प्रश्न मराठीत विचारले की एकमेकांत मिसळत नाहीत.

‘फर्स्ट’ असेल तर प्रश्न क्रमाचा आहे. चारही कामं करायची असू शकतात, त्यातलं आज सकाळी कोणतं, एवढंच विचारलंय. एक पर्याय निवडला म्हणजे बाकीचे तीन नाकारले असं होत नाही. हे मनात पक्कं झालं की निम्मी घालमेल थांबते. मी ‘खातं बंद करा’ हा पर्याय सोडायला घाबरायचे, कारण तो सोडणं म्हणजे खातं उघडं ठेवणं असं मला वाटायचं. तसं नसतं. ते काम तासाभराने होणारच आहे.

‘बेस्ट’ असेल तर क्रम विसरा. चारांतलं एकच करता येणार असेल तर कोणतं केल्याने दुखण्याचं मूळ जाईल, ते बघा. ‘ग्रेटेस्ट कन्सर्न’ असेल तर चारही गोष्टी खऱ्या आहेत असं धरा आणि कोणत्या गोष्टीमुळे सर्वांत मोठं नुकसान होईल ते विचारा. समजा पर्याय असे आहेत: पासवर्ड ठरलेल्यापेक्षा थोडा छोटा चालतो, माहितीपुस्तिका जुनी आहे, दोन कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण राहिलंय, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच चालू प्रणालीत बदल करता येतात. चौथी गोष्ट बाकी तिघींच्या पलीकडची आहे. तो माणूस कुणाच्याही मंजुरीशिवाय व्याजाचा हिशेब बदलू शकतो.

3. मी कोण आहे?

पहिल्या वेळी मी सर्वांत जास्त इथे मार खाल्ला.

प्रश्नात तुम्ही बहुतेक वेळा ऑडिटर असता. ऑडिटर तपासतो, पडताळतो, जोखीम समजावतो, शिफारस करतो, अहवाल देतो. तो सर्व्हर बंद करत नाही, धोरण मंजूर करत नाही, फायरवॉलचा नियम बदलत नाही. ही कामं व्यवस्थापनाची. आम्हा नऊ वर्षं दुरुस्त्या केलेल्या माणसांना दुरुस्तीचा पर्याय दिसला की बोट आपोआप तिकडे जातं.

मी ऑडिट विभागात नवी होते तेव्हाची गोष्ट. एका शाखेत नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं चालू दिसलं. मी तिथल्या तिथे प्रशासकाला फोन करून ते बंद करायला लावलं आणि काहीतरी चांगलं केलं म्हणून समाधानाने चहा प्यायले. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खात्याच्या नोंदीत फक्त शेवटच्या बदलाची तारीख राहायची. खातं बंद करताच तिथे आजची तारीख बसली. आधी काय होतं ते पुसलं गेलं, आणि तो माणूस गेल्यावर ते खातं कुणी वापरलं होतं का, हे शोधायला आम्हाला तीन दिवस बॅकअपच्या टेप काढाव्या लागल्या. आमचे वरिष्ठ साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, खातं तुम्हीच बंद केलंत, मग खाती वेळेवर बंद होतात की नाही हे तपासणार कोण?”

त्या एका वाक्यात दोन कारणं आहेत. ऑडिटरने हात घातला की पुरावा बदलतो. आणि स्वतः केलेल्या कामाचं ऑडिट स्वतः करता येत नाही. प्रश्न तयार करणारे हे दोन्ही धरून चालतात.

म्हणून पर्यायांची क्रियापदं बघायची सवय लावा. रिव्ह्यू, व्हेरिफाय, डिटरमाइन, इव्हॅल्युएट, रेकमेंड, रिपोर्ट ही ऑडिटरची. इम्प्लिमेंट, डिसेबल, अप्रूव्ह, एन्फोर्स ही व्यवस्थापनाची. ‘एन्शुअर’ हा शब्द दोन्हीकडे येतो, तिथे पुढचं वाक्य नीट वाचा. मात्र शेवटच्या ओळीत ‘इन्फर्मेशन सिक्युरिटी मॅनेजर’ किंवा ‘व्यवस्थापन’ असं लिहिलेलं असेल तर ही चाळणी उलटी होते. म्हणून भूमिका दर वेळी नव्याने वाचायची, गृहीत धरायची नाही.

4. काम कुठवर आलं आहे?

ऑडिटला एक ठरलेला ओघ असतो. आधी व्यवसाय समजून घ्यायचा, मग जोखीम तपासायची, मग योजना, मग प्रत्यक्ष तपासणी आणि पुरावा, मग संबंधित विभागाशी चर्चा, मग अहवाल, आणि शेवटी सांगितलेली दुरुस्ती झाली का याचा पाठपुरावा. प्रसंगातले एखाद-दोन शब्द आपण यात कुठे उभे आहोत ते सांगतात. ‘वार्षिक योजना आखताना’ म्हटलं तर सुरुवात. ‘तपासणीत आढळलं’ म्हटलं तर मधे. ‘मसुदा दिल्यावर’ म्हटलं तर शेवटाकडे. जागा कळली की पुढच्या टप्प्यातले पर्याय आपोआप मागे पडतात आणि होऊन गेलेल्या टप्प्यातलेही.

याच ओघातला एक प्रकार वारंवार येतो. तपासणीत एक त्रुटी सापडली, आणि अहवाल निघायच्या आत त्या विभागाने ती दुरुस्त केली. आता ती अहवालात लिहायची का? सौजन्य म्हणून गाळावीशी वाटते. पण लिहायचीच, आणि ती दुरुस्त केली आहे हेही सोबत लिहायचं. अहवाल तपासणीच्या काळात काय होतं ते सांगतो. दुरुस्तीचं श्रेय त्या विभागाला त्याच वाक्यात मिळतं.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे व्यवस्थापन निष्कर्ष मान्य करत नाही. लगेच वरच्या समितीकडे धावायचं नाही आणि निष्कर्ष मागेही घ्यायचा नाही. ते नवा पुरावा दाखवत असतील तर तो पडताळायचा. पुरावा नाही, नुसतं ‘हे काही एवढं मोठं नाही’ म्हणत असतील तर यातून काय होऊ शकतं ती जोखीम नीट समजावून सांगायची. वर जाण्याची पायरी त्यानंतरची.

5. “हे करायला मला आधी काय कळायला हवं?”

भूमिका आणि टप्पा बघूनही दोन पर्याय उरले, तर प्रत्येकाला हा प्रश्न विचारा. एका पर्यायासाठी लागणारी माहिती दुसऱ्या पर्यायातून मिळत असेल, तर दुसरा आधी.

व्यवसाय सातत्य योजनेचं उदाहरण घ्या, म्हणजे मोठा बिघाड झाला तरी काम चालू कसं राहील याची योजना. पर्याय आहेत: पर्यायी जागा निवडणं, बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते ठरवणं, योजनेची चाचणी घेणं, आणि व्यवसायावरच्या परिणामांचं विश्लेषण करणं. पर्यायी जागा पूर्ण सज्ज हवी की नुसती रिकामी चालेल? कोणतं काम किती तास बंद राहिलेलं चालतं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. बॅकअपचं अंतर? किती वेळाची नोंद गमावलेली परवडते यावर ते ठरतं. चाचणी? योजनाच नाही तर चाचणी कशाची? तिन्हींना लागणारी माहिती चौथ्यातून येते. म्हणून परिणामांचं विश्लेषण आधी. पाठ करायची गरज पडत नाही, तीन प्रश्न विचारले की उत्तर स्वतःहून उभं राहतं.

या कसोटीची मर्यादाही सांगते, कारण ती कळली तेव्हा मी तिच्या आहारी गेले होते. सराव करता करता मी प्रत्येक प्रश्नात ‘अधिक तपास करा’ हाच पर्याय उचलायला लागले. तेही चूक. प्रसंगातच ‘ऑडिटरने खात्री केली आहे की’ असं लिहिलेलं असेल, तर जे कळायला हवं होतं ते कळून चुकलंय. मग पुन्हा तपासणं म्हणजे वेळ काढणं झालं. आणि माणसांच्या जिवाला धोका असेल तिथे ही कसोटी लावायचीच नाही. संगणक खोलीत आग लागलेली असताना आधी माणसं बाहेर काढायची, नंतर सगळं बाकीचं.

6. एकच प्रसंग, चार प्रश्न

आता हे सगळं एका ठिकाणी लावून बघू. प्रश्न मी स्वतः तयार केला आहे.

प्रसंग असा: एका कंपनीत युजर खात्यांची तपासणी करताना ऑडिटरला दिसतं की नोकरी सोडून गेलेल्या तिघांची खाती अजून चालू आहेत.

पर्याय:
अ. ती खाती ताबडतोब बंद करणं.
आ. नोकरी सोडल्यानंतर ती खाती वापरली गेली का ते तपासणं.
इ. मनुष्यबळ विभागाने कार्यमुक्तीची नोंद केली की खातं आपोआप बंद होईल अशी जोडणी सुचवणं.
ई. ही बाब अंतिम अहवालात नोंदवणं.

पहिला प्रश्न: *ऑडिटरने सर्वांत आधी काय करावं?* ‘अ’ व्यवस्थापनाचं काम आहे, आणि माझ्या टेपच्या गोष्टीसारखा पुरावाही हलतो. ‘ई’ अहवालाच्या टप्प्यातलं आहे, आपण अजून तपासणीत आहोत. उरले ‘आ’ आणि ‘इ’. शिफारस किती जोराने करायची, ही नुसती ढिलाई आहे की कुणी गैरवापर केलाय, हे ‘आ’ केल्याशिवाय कळत नाही. उत्तर ‘आ’.

दुसरा प्रश्न: प्रसंग तोच, शेवटची ओळ बदलली. *ऑडिटरने कोणती शिफारस करणं सर्वांत उत्तम?* आता क्रम नाही, मूळ कारण हवं. ‘अ’मुळे ही तीन खाती बंद होतील, पण पुढच्या महिन्यात चौथा माणूस सोडून गेला की पुन्हा तेच. ‘आ’ आणि ‘ई’ शिफारशीच नाहीत. उत्तर ‘इ’. इथे ‘दर तीन महिन्यांनी खात्यांची यादी तपासणं’ असा पर्याय असता तर ‘इ’बरोबर खरी झटापट झाली असती. तेव्हा लक्षात घ्या की यादी तपासल्याने चूक झाल्यावर सापडते, जोडणीने ती होतच नाही. ‘उत्तम’ विचारलं असताना दोन्ही शक्य असतील तर घडू न देणारा उपाय सहसा वरचढ ठरतो.

तिसरा प्रश्न: *माहिती सुरक्षा व्यवस्थापकाने सर्वांत आधी काय करावं?* माणूस बदलला. उघड्या दाराची जबाबदारी आता त्याच्यावर आहे. लॉग तो नंतरही बघू शकतो, दार मात्र आत्ता उघडं आहे. उत्तर ‘अ’.

चौथा प्रश्न: प्रसंगात एक वाक्य वाढलं. *लॉग तपासून ऑडिटरने खात्री केली आहे की तिघांपैकी एक खातं कार्यमुक्तीनंतर दोनदा वापरलं गेलं.* आणि पर्याय ‘आ’च्या जागी आलं: ‘योग्य पातळीवरच्या व्यवस्थापनाला तातडीने कळवणं.’ ऑडिटरने सर्वांत आधी काय करावं? तपास झालेला आहे. अंतिम अहवालाची वाट पाहत बसलं तर तेवढे दिवस धोका चालू राहील. उत्तर कळवण्याचं. बंद करायचं काम ज्याचं आहे तो बंद करेल.

एका प्रसंगातून चार वेगळी उत्तरं निघाली आणि बदललं काय, तर दर वेळी एखादा शब्द किंवा एखादं वाक्य. सराव करताना प्रत्येक प्रश्नाबरोबर हा खेळ करून बघा: कोणता शब्द बदलला तर माझं चुकलेलं उत्तर बरोबर ठरेल? ते सांगता आलं तर प्रश्न तुम्हाला खरोखर कळला.

7. जिथे हमखास पाय घसरतो

*घोटाळ्याचा वास आला की.* प्रसंगात गैरव्यवहाराची चिन्हं दिसतात आणि पर्यायांत पोलिसांना कळवणं, त्या कर्मचाऱ्याला जाब विचारणं, संचालक मंडळाकडे जाणं असं जोरकस काही असतं. चिन्हं म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नाही. स्वतंत्र चौकशीची गरज आहे का, हे ठरवण्याइतपत तपासणी आधी वाढवायची. संशयिताला विचारायला गेलात तर तो सावध होतो आणि पुरावा नाहीसा होऊ शकतो.

*आपणच बनवलेली प्रणाली.* दोन वर्षांपूर्वी ज्या प्रणालीच्या उभारणीत ऑडिटर होता, तिचंच ऑडिट त्याच्याकडे आलं. ‘तटस्थपणे काम करणं’ हा पर्याय प्रामाणिक वाटतो. ‘काम नाकारणं’ हाही बरा वाटतो. पण काम सुरू करायच्या आधी ऑडिट विभागाच्या प्रमुखाला हा हितसंबंध सांगायचा, ही पहिली पायरी. काम द्यायचं की नाही ते ठरवणं त्यांचं.

*छोटं कार्यालय.* दोन-तीन माणसांच्या जागी एकाच माणसाकडे दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या असतात. बँकेच्या छोट्या शाखांत मी हे रोज पाहिलंय. ‘आणखी माणसं नेमा’ हे सांगायच्या आधी त्याची भरपाई करणारं दुसरं नियंत्रण आहे का ते बघायचं, उदाहरणार्थ शाखाधिकारी दर संध्याकाळी व्यवहारांची यादी पडताळून सही करतो का. असेल तर चित्र पूर्ण बदलतं.

*आपल्या ऑफिसात असंच चालतं.* सर्वांत चिवट फसगत ही. ‘आमच्याकडे तर आधी ईमेल टाकतात’ असं मनात आलं की थांबा. प्रश्नातल्या कंपनीत पुरेसा वेळ आहे, माणसं आहेत, आणि सगळे पद्धतीप्रमाणे वागतात. प्रसंगात न लिहिलेली अडचण स्वतःहून घालू नका.

8. वही कशी चालवायची

रोज 25 प्रश्न पुरे. मी पहिल्या वेळी रोज शंभर सोडवायचे आणि स्पष्टीकरण फक्त चुकलेल्यांचं वाचायचे. दुसऱ्या वेळी 25 सोडवले आणि चारही पर्यायांचं स्पष्टीकरण वाचलं, उत्तर बरोबर आलं असलं तरी. नशिबाने बरोबर आलेलं उत्तर परीक्षेत पुन्हा नशिबाने येईलच असं नाही.

चुकलेला किंवा अंदाजाने सोडवलेला प्रत्येक प्रश्न वहीत जातो, पण प्रश्न उतरवायचा नाही. चार रकाने: शेवटच्या ओळीतला शब्द, मी कोण होते, कोणता टप्पा, आणि मी दुसऱ्या पर्यायाकडे का ओढले गेले. चौथा रकाना स्वतःच्या भाषेत आणि खरा लिहा. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: “फर्स्ट / ऑडिटर / तपासणी / सर्व्हर बंद करायचा हात आवरला नाही.” दोन आठवड्यांनी चौथा रकाना वरून खाली वाचला तेव्हा चाळीसेक नोंदींपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी तेच कारण होतं. तुमचं कारण वेगळं असेल. चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या माझ्या मैत्रिणीच्या वहीत ‘लगेच अहवालात लिहिलं’ हे सारखं येत होतं.

पेढीतले प्रश्न पाठ होऊ लागतात हे ध्यानात ठेवा. तिसऱ्या फेरीत 90 टक्के आले म्हणून खूश होऊ नका. पर्याय झाकून, फक्त प्रश्न वाचून उत्तर स्वतःच्या शब्दांत म्हणा आणि मग पर्याय उघडा. आठवणीतून सोडवताय की विचारातून, हे लगेच उघड होतं.

9. परीक्षेच्या खोलीत

4 तासांत 150 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघू नका. दर 50 प्रश्नांना 75 मिनिटं असा टप्पा धरा, शेवटी 15 मिनिटं हातात राहतात. दोन पर्यायांत अडकलात आणि दोन मिनिटं झाली, तर त्यातल्या त्यात पटणारा निवडा, खूण करा आणि पुढे जा. गुण कापत नसल्यामुळे रिकामा प्रश्न सोडण्यात काहीच अर्थ नाही.

शेवटच्या पंधरा मिनिटांत खूण केलेल्या प्रश्नांकडे परत जाताना एक नियम पाळा. शेवटच्या ओळीतला शब्द किंवा भूमिका चुकीची वाचली होती असं दिसलं, तरच उत्तर बदला. नुसतं ‘आता दुसरं बरं वाटतंय’ म्हणून बदलू नका. मी पहिल्या वेळी शेवटी अकरा उत्तरं बदलली होती, आणि त्यातल्या एकाही बदलाचं कारण मला बाहेर आल्यावर सांगता येत नव्हतं.

10. निकालानंतर

परीक्षा संपली की पास की नापास हा प्राथमिक निकाल पडद्यावर दिसतो. अधिकृत गुण साधारण 10 कामकाजाच्या दिवसांत ईमेलने येतात आणि त्यात पाचही विभागांचे गुण वेगळे असतात. पास झालात तरी प्रमाणपत्र लगेच मिळत नाही. त्यासाठी 5 वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवून अर्ज करावा लागतो. काही पदव्या आणि काही प्रकारच्या कामांमुळे त्यातली काही वर्षं माफ होतात. अर्ज पास झाल्यापासून 5 वर्षांच्या आत करायचा.

नापास झालात तर पहिल्या प्रयत्नानंतर 30 दिवस थांबावं लागतं, त्यापुढच्या प्रयत्नांआधी 90 दिवस. हे 30 दिवस कमी पडतात, निदान मला पडले असते. विभागवार गुणांचा कागद काढा आणि वहीच्या चौथ्या रकान्याशेजारी ठेवा. एकाच विभागात गुण पडले असतील तर तो विषय पुन्हा वाचा. पाचही विभागांत सारखेच थोडे थोडे कमी असतील, माझे तसेच होते, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि या लेखातल्या तिसऱ्या पायरीपासून सराव पुन्हा सुरू करा.